‘७एस’, ‘७+’ आणि ‘७०५०’: मोबाइल चिपचं नाव कसं वाचायचं?

आकडा मोठा म्हणजे चिप भारी, आणि ‘जेन २’ म्हणजे ‘जेन १’पेक्षा सुधारलेली, असं धरून फोन घेणारे पुष्कळ आहेत. क्वालकॉमने २०२३ मध्ये आणलेल्या दोन चिप या समजुतीला चांगलाच सुरुंग लावतात. मार्चमध्ये स्नॅपड्रॅगन ७+ जेन २ आली, सप्टेंबरमध्ये ७एस जेन २. नावात फरक एका चिन्हाचा, पण आतलं सामान वेगळ्याच घरचं.

चिपमध्ये प्रत्यक्ष काम करणारे भाग म्हणजे कोर. ७+ जेन २ मध्ये एक कॉर्टेक्स-एक्स२, तीन ए७१० आणि चार ए५१० कोर आहेत. हीच मांडणी त्याआधीच्या महागड्या ८+ जेन १ ची. ७एस जेन २ मध्ये मात्र चार ए७८ आणि चार ए५५ कोर आहेत, म्हणजे थेट ६ जेन १ ची मांडणी. ग्राफिक्सही तेच, ॲड्रेनो ७१०. मोठ्या ए७८ कोरचा वेग २.२ वरून २.४ गिगाहर्ट्झवर नेला, म्हणजे जेमतेम नऊ टक्के वाढ. शिवाय ए७८ हा कोरचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीचा २०२०चा कोर, तर आदल्या वर्षीच्या साध्या ७ जेन १ मध्ये २०२१चा ए७१० होता. म्हणजे ‘जेन’ पुढे गेलं आणि कोर मागे आला.

आता कोरचं नाव इतकं महत्त्वाचं का? ए५५ आणि ए५१० हे छोटे कोर सूचना ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पार पाडतात. हवी ती माहिती कॅश या जवळच्या छोट्या साठ्यात नसेल तर रॅमकडे जावं लागतं, त्यात साधारण शंभर नॅनोसेकंद जातात. दोन गिगाहर्ट्झच्या कोरसाठी ते घड्याळाचे दोनशे ठोके झाले, आणि मागच्या सूचना तयार असूनही तेवढा वेळ जवळजवळ सगळं तुंबतं. रेशन दुकानात पुढच्याचा अंगठा मशीनवर उमटेना की अख्खी रांग खोळंबते, तसंच. ए७८ सारखा मोठा कोर शंभराहून जास्त सूचना एकदम नजरेखाली ठेवतो. कोणती सूचना कुणाच्या उत्तरावर अडली आहे हे तपासतो, मोकळ्या असतील त्या आधी उरकतो, आणि निकाल मात्र मूळ क्रमानेच नोंदवतो. त्यामुळे दोघांचं घड्याळ दोन गिगाहर्ट्झचं असलं तरी मोठ्याचं काम बरंच जास्त होतं. खोक्यावरच्या ‘ऑक्टाकोर’ला म्हणूनच फारसा अर्थ नाही, आठांतले मोठे किती आणि कोणते, ते विचारा.

मीडियाटेककडे गोंधळ वेगळ्या तऱ्हेचा. डायमेन्सिटी ९००, ९२०, १०८० आणि ७०५० ही चार नावं एकाच MT6877 कुळातली. चारांतही दोन ए७८ आणि सहा ए५५. मोठ्या कोरचा वेग तेवढा २.४ पासून २.६ गिगाहर्ट्झपर्यंत सरकला. २०२३ची ७०५० म्हणजे १०८० चंच नवं बारसं. तिच्या शेजारची ७२०० मात्र खरोखर नवी, दोन ए७१५ कोरवाली. ‘७०००’ मालिका म्हटली की दोन्ही एकाच पंगतीत बसतात!

प्रत्ययांना सगळीकडे सारखा अर्थ नाही. ‘एस’ क्वालकॉमकडे खालची पायरी दाखवतो. ‘+’ चा अर्थ मीडियाटेकच्या ९२००+ मध्ये तीच चिप, घड्याळ वाढवलेली. ७+ जेन २ च्या बाबतीत तर नुसती ‘७ जेन २’ कधी आलीच नाही. ‘७२००-अल्ट्रा’ मधलं ‘अल्ट्रा’ कोर बदलत नाही, तिथे फोन कंपनीसाठी केलेली जुळवणी असते.

खात्री करायची तर संगणकावर adb हे साधन बसवून, फोनला त्याच्याशी जोडून, यूएसबी डीबगिंग चालू करून एवढं द्या:

```
adb shell getprop ro.soc.model
adb shell "grep 'CPU part' /proc/cpuinfo"
```

पहिल्या ओळीतून चिपचा कारखानी क्रमांक मिळतो: ७एस जेन २ असेल तर SM7435, ७+ जेन २ असेल तर SM7475. काही फोनवर, विशेषतः अँड्रॉइड १२ च्या आधीच्या, ही जागा रिकामी येते. दुसऱ्या ओळीत प्रत्येक कोरचा संकेत दिसतो. 0xd05 म्हणजे ए५५, 0xd41 म्हणजे ए७८, 0xd46 म्हणजे ए५१०, 0xd47 म्हणजे ए७१०, 0xd48 म्हणजे एक्स२. ७एस जेन २ वर चार वेळा 0xd05 आणि चार वेळा 0xd41 यायला हवं. कमी ओळी आल्या तर घाबरू नका. त्या क्षणी चालू असलेलेच कोर तिथे दिसतात, एखादं ॲप उघडून पुन्हा बघा. दुकानातल्या डेमो फोनवर केबल लावू देणार नाहीत, तिथे सीपीयू-झेडसारखं ॲप चालतं.

कारखानी क्रमांकाच्या शेपटावरही आंधळा विश्वास नको. SM7475 आणि ८+ जेन १ चा SM8475 यांची शेपटी जुळते आणि कोरही जुळतात. पण SM6450 आणि SM7450 यांची शेपटी तीच असून पहिल्यात ए७८ आहेत, दुसऱ्यात ए७१०.