बायोडेटातला ‘वर्ण’ आणि पाव्हण्यांचा शेरा

पूर्वी पाहण्याच्या कार्यक्रमात रंग-उंचीवर बोलणं झालं, तर उत्तर मुलीनं द्यायचं नसे. ते मध्यस्थ किंवा आई देई: “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.” त्या ‘पण’मध्येच शेरा मान्य केलेला असायचा.

बराच गोंधळ ‘वर्ण’ या शब्दानं केला आहे. पत्रिकेतल्या ३६ गुणांपैकी वर्णाचा गुण फक्त १, आणि तो राशीवरून ठरतो. कर्क, वृश्चिक, मीन या राशी विप्र वर्णाच्या, मेष, सिंह, धनु क्षत्रिय. त्याचा कातडीशी काहीही संबंध नाही. बायोडेटात मात्र त्याच शब्दापुढं गोरा, निमगोरा, गव्हाळ असं लिहिलं जातं. यातला ‘गव्हाळ’ सगळ्यात फसवा. उजळ मुलगीही गव्हाळ आणि सावळीही गव्हाळ, त्यामुळं समोरच्यानं मनात वेगळाच रंग धरलेला असतो. हा रकाना कोराच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२० च्या जूनमध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळानं त्वचेच्या रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढली. पुढच्याच महिन्यात १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका क्रीमनं नावातला गोरेपणा वगळला. कोल्हापुरात हातोहात फिरणाऱ्या बायोडेटात रकाना राहिलाच. वर मोबाइल फोटो आपोआप उजळ करू लागला आणि नवा शेरा आला: “फोटोत उजळ वाटत होती.”

हेच वाक्य माझ्या मावसबहिणीला मुलाच्या आत्यानं रंकाळ्याजवळच्या घरी, पोह्यांची बशी हातात असताना ऐकवलं. पूर्वीची वेळ असती तर आईनं “उन्हात फिरून रापली” असं सांगितलं असतं. तशी सफाई दिली की पुढचा प्रश्न येतोच: मग लग्नापर्यंत उजळेल का? उलट “तुमच्या मुलाचं पोट बघा” म्हटलं, तर बोलणं मुलीच्या वळणावर जातं आणि मूळ शेरा बाजूला राहतो.

तिनं बशी खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाली, “आत्या, मी अशीच आहे. रंगाची अट असेल तर आत्ताच सांगा, आमची हरकत नाही.” आणि गप्प बसली. गप्प बसणंच अवघड असतं, कारण तेवढ्यात आपल्याच घरातलं कुणीतरी मध्ये पडतं. तिनं आईला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, मी बोलले की तू बोलायचं नाहीस. मग तिनं मुलाकडं पाहून विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?”

आत्यानं शेरा मारावा, हे नवं नाही. मुलगा काय करतो, ते बघायचं होतं. तो हसला आणि म्हणाला, “आत्या मोठी आहे, मनावर घेऊ नका.” आपलं मत त्यानं सांगितलंच नाही. दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, वजन थोडं कमी करता येईल का म्हणून. काकांनी “मुलीनं नकार कळवलाय” एवढं सांगून फोन ठेवला.