दुसऱ्या बाजूचा फोटो: नव्या चट्ट्याची तुलना कशाशी करायची

दंडावर फिकट चट्टा दिसला की फोटो त्या चट्ट्याचाच निघतो, आणि शक्य तितका जवळून. मग तो पाहणाऱ्याला प्रश्न पडतो: हा फिकटपणा आजाराचा, की या माणसाच्या दंडाची कातडी तिथे मुळातच अशी आहे? पूर्वीचा फोटो सहसा नसतो. आपल्या दंडाची मागची बाजू दोन वर्षांपूर्वी कशी होती, हे कोणीच टिपून ठेवलेले नसते. उरतो एकच आधार, तो म्हणजे दुसरा दंड. त्याच वयाचा, त्याच वर्णाचा, जवळजवळ तितकेच ऊन खाल्लेला.

ही तुलना कॅमेऱ्याहून फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या सांध्यांवरील ग्रीक ग्रंथात निखळलेला खांदा कसा ओळखावा हे सांगताना बजावले आहे की दुखऱ्या सांध्याची तुलना त्याच माणसाच्या धडधाकट सांध्याशी करा, दुसऱ्या कोणाच्या सांध्याशी नको. कारण काहींचे सांधे जन्मतःच जास्त वर आलेले असतात. कातडीलाही हे तंतोतंत लागू पडते. ‘सर्वसाधारण रंग’ अशी चीज अस्तित्वात नाही, एका माणसाच्या एका जागेचा रंग मात्र असतो. शेजारची कातडीसुद्धा दर वेळी चालत नाही, कारण दंडाची आतली आणि बाहेरची बाजू निरोगी माणसातही वेगळ्या रंगाची असते.

गंमत अशी की त्वचारोगांची चित्रे जमवायला सुरुवात झाली तेव्हा ही गोष्ट मागे पडली. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात ज्युल बारेता याने रुग्णांच्या अंगावरून साचे घेऊन मेणाचे हुबेहूब नमुने घडवले. ते पाटीवर बसवताना कडेने पांढरे कापड लावत, म्हणजे रोगट भाग तेवढा दिसे आणि भोवतालची कातडी बहुतेक कापडाखाली जाई. 1860 च्या दशकात लंडनमध्ये बाल्मॅनो स्क्वायर आणि पॅरिसमध्ये हार्डी व माँमेजा यांनी त्वचारोगांचे फोटो छापले, पण ते कृष्णधवल असल्यामुळे रंग हाताने भरला जाई. रंगाऱ्याने भरलेल्या लाल रंगावरून लाली किती होती हे ठरवता येत नाही. ही चित्रे रोग ओळखायला शिकवण्यासाठी होती आणि त्या कामाला ती उत्तम होती. एका माणसात काय बदलले हे सांगण्यासाठी ती केलेलीच नव्हती.

मोजण्यासाठी फोटो काढायची शिस्त पोलीस कचेरीत घडली. 1880 च्या दशकात पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्तियों याने कैद्यांच्या फोटोंसाठी अंतर, खुर्ची, प्रकाश आणि प्रमाण ठरवून टाकले. सर्व काही सारखे ठेवले तर फोटोत जो फरक उरेल तो माणसातलाच असेल, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या बाजूच्या फोटोचा सगळा डोलारा याच विचारावर उभा आहे.

रंगीत फिल्म आली तेव्हा सावळ्या कातडीची अडचण उघडी पडली. प्रिंटचा रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळा कोडॅकची जी नमुना कार्डे वापरत, त्यांवर बरीच वर्षे गोरी स्त्री असे. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या मापाने छापलेल्या प्रिंटमध्ये गडद कातडीतले बारीक फरक काळपट होऊन बुडत. तरीही एकाच रोलवर, एकाच प्रकाशात काढलेले आणि एकत्र छापलेले डावे-उजवे फोटो तुलनेला बऱ्यापैकी टिकत. रंग चुकीचा असला तरी दोन्हीकडे सारखाच चुकीचा असे, त्यामुळे फरक जवळपास शाबूत राहत असे. आजचा फोन ही सोय काढून घेतो. तो प्रत्येक फोटोला रंग आणि उजेड नव्याने ठरवतो, अंधाऱ्या भागाला आपणहून उजळवतो, कातडी गुळगुळीत करतो. डाव्या दंडामागे पांढरी भिंत आणि उजव्यामागे निळा पडदा असेल, तर सारख्याच कातडीचे दोन रंग निघतात आणि नसलेला चट्टा दिसू लागतो.

तुलना का हवी, याचे चांगले उदाहरण म्हणजे फुचर यांची रेषा. 1938 मध्ये पामर फुचर यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दंडावर गडद आणि फिकट कातडी विभागणारी एक स्पष्ट उभी रेषा नोंदवली. ती आजार नाही, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांत जास्त आढळते. अशाच प्रकारची एक रेषा मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते आणि काही बायकांत गरोदरपणात पहिल्यांदाच उठून दिसते. बाईच्या दृष्टीने तो अगदी नवा डाग असतो. अशा रेषा सहसा दोन्ही अंगांना, आरशात पाहावे तशा असतात. एका मांडीचा जवळून काढलेला फोटो कोड्यात टाकतो, पण दोन्ही मांड्या एकाच चौकटीत घेतल्या की कोडे सुटते.

आता एक नमुना धरू. सावळ्या वर्णाची तिशीतली बाई, डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला महिन्याभरापूर्वी लक्षात आलेला फिकट चट्टा. बाही घट्ट असेल तर ती काढून पाच-दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे दाबाच्या खुणा आणि लाली उतरते. तेल, क्रीम, पावडर पुसून टाकायची, कारण तेलाची चकाकी फोटोत फिकट डागासारखी उतरते. बाईला खिडकीकडे तोंड करून उभे करायचे, हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. खिडकी एका अंगाला असली तर एक दंड उजेडात आणि दुसरा सावलीत जातो. या एका चुकीने फोटोंच्या पुष्कळ जोड्या वाया जातात. खोलीतला दिवा बंद, नाहीतर पिवळा आणि निळसर उजेड मिसळतो.

पहिला फोटो दूरचा: खांद्यापासून कोपरापर्यंत, दोन्ही दंड एकाच चौकटीत. रंगाच्या तुलनेला हाच सर्वात भरवशाचा, कारण फोनने जे काही बदलले ते दोन्हीकडे एकदमच बदलले. मग प्रत्येक दंडाचा वेगळा फोटो, साधारण 40 ते 50 सेंटिमीटरवरून, दुपटीची लेन्स असेल तर तिने. मुख्य लेन्स 15 सेंटिमीटरवर नेली की दंड फुगीर दिसतो आणि कडेचा चट्टा आकसतो. कातडीच्या पातळीत मोजपट्टी आणि रंग जुळवण्यासाठी राखाडी कार्ड ठेवायचे, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड अडकवायचा आणि ते न सोडता दुसरा दंड टिपायचा. जागा चट्ट्यावरून शोधायची नाही, कारण दुसरीकडे चट्टाच नसतो. कोपराच्या हाडापासून टेपने मोजायची. डावीकडे चट्ट्याचा मध्य कोपरापासून 14 सेंटिमीटर वर असेल, तर उजवीकडेही 14. दोन्ही चौकटींत ‘डावा’, ‘उजवा’ लिहिलेली चिठ्ठी असावी. सेल्फी कॅमेरा चित्र उलटवू शकतो, आणि चिठ्ठी नसेल तर आठवड्याने कोणता फोटो कोणत्या हाताचा हे सांगता येत नाही. सौंदर्याचे फिल्टर बंद. पाठवताना फाइल म्हणून पाठवायची. चॅटमध्ये फोटो म्हणून टाकली की आकुंचनात बारीक खवले पुसले जातात.

आता जोडी वाचू. डाव्या दंडावर वेगळ्या तीन गोष्टी दिसतात. पुढच्या बाजूला उभी रेषा आहे, पण ती उजवीकडेही त्याच उंचीवर आहे, म्हणून ती बाद. वरच्या भागात खळीसारखा छोटा व्रण आहे, तो उजवीकडे नाही. पण भारतात बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात, त्यामुळे हा फरक खरा असला तरी निरुपद्रवी. तिसरा, साधारण 3.5 गुणिले 2.5 सेंटिमीटरचा फिकट, किंचित कोरडा चट्टा. उजवीकडे त्या अंतरावर काहीही नाही. आता तोच एक उरला, आणि इथे फोटोचे काम संपते. फिकट रंगावरून निदान होत नाही. बुरशी आहे का हे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. महाराष्ट्रात फिकट चट्टा म्हटले की कुष्ठरोग तपासणे ओघाने येते, आणि तिथेही दुसरी बाजू कामाला येते: कापसाच्या टोकाने आधी उजव्या दंडावर त्याच जागी हलके टेकवून स्पर्श कसा कळतो हे बाईला दाखवायचे, मग तिने डोळे मिटून बोटाने जागा दाखवायची आणि नंतर चट्ट्यावर तेच. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही तर पुढची तपासणी त्वचारोगतज्ज्ञाकडे. कोपरामागची नसही दोन्ही हातांची चाचपतात, कारण एकटी नस जाड आहे की नाही हे बोटांना सांगता येत नाही.

या पद्धतीचा सर्वात मोठा धोकाही कुष्ठरोगातच दिसतो. ट्युबरक्युलॉइड प्रकारात चट्टे थोडे आणि एका बाजूला जास्त असतात, तिथे तुलना चोख चालते. लेप्रोमॅटस प्रकारात मात्र चट्टे पुष्कळ, पुसट कडांचे आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात. तिथे ‘दुसरीकडेही असेच आहे’ हे उत्तर धीर देते आणि चुकवते. कोडाचा नेहमीचा प्रकारही दोन्ही अंगांना जोडीने पसरतो. फुचरच्या रेषेसारख्या सारखेपणाचा अर्थ ‘स्वाभाविक’ तेव्हाच लावायचा, जेव्हा ती रेषा ओळखीच्या जागी आहे आणि बाकी कातडीला कसलाही बदल नाही. शंका असेल तर तिसरी जागा पाहायची: पाठ, पोट, नितंब, जिथे ऊनही पोहोचत नाही.

उलट चूकही होते. आपल्याकडे चालक उजव्या खिडकीशी बसतो, म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडलेला असू शकतो. तिथे डावा हात ‘फिकट पडला’ म्हणणे चूक. मनगटावर घड्याळाचा पट्टा, खांद्यावर पिशवीचा बंद, एकाच पायावरचा डासांच्या चाव्यांचा जुना काळपटपणा, हे फरक आधी विचारून बाजूला काढावे लागतात.

एकट्या तिळासाठी या जोडीचा फारसा उपयोग नाही. दुसऱ्या बाजूला त्याच जागी तीळ असण्याचे कारणच नसते. तिथे तुलना त्याच माणसाच्या बाकी तिळांशी होते. 1998 मध्ये फ्रान्समध्ये झाँ-झाक ग्रोब आणि सहकाऱ्याने ‘कुरूप बदकाचे’ लक्षण मांडले ते यासाठीच: सगळ्यांत वेगळा दिसतो तो तीळ आधी तपासायचा. आणि नाक, हनुवटी, पाठीचा कणा यांना दुसरी बाजू नसते. तिथे तारीख घातलेला आजचाच फोटो पुढच्या तपासणीचा पाया, म्हणून त्यातही मोजपट्टी आणि राखाडी कार्ड हवेच.