स्पर्धक जोखीम

रुग्णांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यात आपण ज्या घटनेची नोंद घेण्यासाठी थांबलेलो असतो, ती घडण्याची शक्यताच कायमची संपवणाऱ्या दुसऱ्या घटनेला स्पर्धक जोखीम किंवा कॉम्पिटिंग रिस्क म्हणतात. वृद्ध रुग्णांत ही दुसरी घटना बहुधा मृत्यू असते. ऐंशीच्या पुढच्या ज्या व्यक्तीचा एक खुबा मोडला आहे, तिचा दुसरा खुबा पुढे कधीतरी मोडू शकतो. मात्र त्याआधी हृदयविकाराने किंवा न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला, तर तो खुबा आता कधीच मोडणार नाही. हे गणितात न धरल्यास पहिल्या घटनेची शक्यता फुगलेली दिसते, आणि वय जितके जास्त तितकी ती अधिक फुगते.

या चुकीचे मूळ ‘सेन्सॉर’ या शब्दाच्या सैल वापरात आहे. एडवर्ड कापलान आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत घटना न घडता राहण्याची शक्यता काळानुसार वक्राने दाखवते, आणि ती अर्धवट राहिलेल्या माहितीसाठी आहे. एखाद्या आजी दोन वर्षांनी गाव सोडून मुलाकडे राहायला गेल्या आणि तपासणीला येईनाशा झाल्या, तर त्यांना त्या तारखेला सेन्सॉर करतात, म्हणजे त्यांची मोजणी तिथेच थांबवतात. पुढे त्यांचे काय झाले ते आपल्याला कळत नाही. पण त्यांचा खुबा मोडण्याची शक्यता शिल्लक असते, आणि ती मागे राहिलेल्या रुग्णांइतकीच आहे असे पद्धत धरून चालते. मृत रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याविषयी काहीही अज्ञात नाही, त्याचा दुसरा खुबा मोडला नाही हे पक्के ठाऊक आहे. तरीही संगणकात ‘घटना झाली = १, नाही झाली = ०’ असा एकच रकाना भरला, की गाव सोडून गेलेली आजी आणि वारलेली आजी दोघी एकाच शून्यात जाऊन बसतात.

फरक किती पडतो ते हिशेबासाठी रचलेल्या एका उदाहरणातून पाहू. एक खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेले २०० वृद्ध पाच वर्षे पाहिले आणि एकाचाही संपर्क तुटला नाही असे समजा. दर वर्षी आधी फ्रॅक्चर मोजले आणि मृत्यू वर्षअखेरीस धरले. दुसरा खुबा मोडलेल्यांची मोजणी तिथेच थांबते.

| वर्ष | सुरुवातीला | दुसरे फ्रॅक्चर | मृत्यू | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | २०० | १० | ५० | १४० |
| २ | १४० | ७ | ३३ | १०० |
| ३ | १०० | ५ | ३५ | ६० |
| ४ | ६० | ३ | १७ | ४० |
| ५ | ४० | २ | १८ | २० |

पाच वर्षांत २७ जणांचा दुसरा खुबा मोडला, म्हणजे २०० पैकी १३.५ टक्के. इथे कोणीही हरवलेले नसल्याने उत्तर साध्या मोजणीनेच मिळते आणि त्यावर वाद नाही. आता मृत्यूंना सेन्सॉर करून कापलान-मायर वक्र काढा. दर वर्षी सुरुवातीला असलेल्यांपैकी ५ टक्क्यांचा खुबा मोडतो, म्हणून ०.९५ ला पाच वेळा गुणायचे. गुणाकार ०.७७४ येतो. तो १ मधून वजा केला की फ्रॅक्चरची ‘शक्यता’ २२.६ टक्के निघते. दोनशे माणसांत ही ४५ फ्रॅक्चर झाली. प्रत्यक्षात झाली २७.

मग ही जास्तीची १८ फ्रॅक्चर कोणाची? ब्रॅडली एफ्रन यांनी १९६७ मध्ये दाखवले की कापलान-मायर पद्धत सेन्सॉर झालेल्याचा वाटा त्याच्यानंतर उरलेल्यांत सारखा वाटून देते. पहिल्या वर्षी फ्रॅक्चर न झालेले १९० होते. त्यांतले ५० वारले, आणि त्यांचा वाटा १४० जणांवर आला. त्यामुळे प्रत्येक जण १ ऐवजी सुमारे १.३६ माणसांच्या वजनाने मोजला जातो, आणि दुसऱ्या वर्षीची ७ फ्रॅक्चर वक्रावर ९.५ होतात. जास्तीची अडीच फ्रॅक्चर वारलेल्या माणसांच्या नावावर पडली आहेत. पुढच्या प्रत्येक वर्षी हा बोजा वाढत जातो. म्हणून वक्राच्या सुरुवातीला चूक क्वचितच जाणवते आणि शेवटाकडे ती मोठी होते.

याच आकड्यांतून चूक पकडण्याची एक खूणही मिळते. फ्रॅक्चर सेन्सॉर करून मृत्यूचा तसाच वक्र काढला तर ८७.१ टक्के येतात. दोन्हींची बेरीज १०९.७ टक्के होते, आणि फ्रॅक्चर व मृत्यू दोन्ही टळलेले २० जण अजून बाकीच आहेत. शंभरांत एकशे दहा बसवणारे आकडे शक्यता असू शकत नाहीत.

२२.६ टक्के हे एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचता येते : कोणीच मेले नसते तर किती खुबे मोडले असते? हा प्रश्न जुना आहे. देवी या रोगाने होणारे मृत्यू थांबले तर आयुर्मान किती वाढेल, याचा हिशेब डॅनिएल बर्नुली यांनी १७६० मध्ये मांडला होता, आणि त्या काळच्या देवी टोचण्याच्या धोरणासाठी तो अर्थपूर्ण होता. पण असे उत्तर खरे ठरायला दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात. हा स्वतंत्रपणा हाती असलेल्या माहितीतून तपासता येत नाही, हे अ‍ॅनास्टासिओस त्सियाटिस यांनी १९७५ मध्ये दाखवले. वृद्धांत तर तो मुळातच संशयास्पद आहे. जो अशक्त, वारंवार तोल जाणारा, तोच पडतो आणि तोच लवकर जातो. शिवाय रुग्णाच्या मुलीने ‘आईचा दुसरा खुबा मोडण्याची शक्यता किती?’ असे विचारले, तर ती न मरणाऱ्या आईबद्दल विचारत नसते. तिला १३.५ टक्के सांगायला हवेत.

योग्य आकडा देणाऱ्या पद्धतीला ऑड आलेन आणि सोरेन योहान्सेन यांचे नाव आहे (१९७८). प्रत्येक टप्प्यावरचा फ्रॅक्चरचा दर त्या क्षणी *जिवंत आणि फ्रॅक्चरमुक्त* असण्याच्या खऱ्या संभाव्यतेने गुणायचा आणि बेरीज करत जायची. वरच्या तक्त्यात या संभाव्यता १, ०.७, ०.५, ०.३ आणि ०.२ आहेत. त्यांची बेरीज २.७, गुणिले ०.०५, म्हणजे बरोबर १३.५ टक्के. याला संचयी घटनाप्रमाण म्हणतात. संपर्क तुटलेले रुग्ण असले तरी ही पद्धत चालते, कारण खऱ्या सेन्सॉरिंगला ती सेन्सॉरिंगच मानते. आर भाषेत त्यासाठी स्थितीचा रकाना तीन पातळ्यांचा फॅक्टर करणे पुरेसे असते :

```
d$st <- factor(d$status, 0:2, c("censor", "fracture", "death"))
survfit(Surv(time, st) ~ 1, data = d)
```

हे प्रमाण मृत्यूदरावरही अवलंबून असते, आणि उपचारांची तुलना करताना इथेच घोटाळा होतो. वरच्याच रुग्णांत फ्रॅक्चरचा दर ५ टक्केच ठेवून दर वर्षी सुरुवातीला असलेल्यांपैकी ५ टक्क्यांचाच मृत्यू झाला असे धरा. पाच वर्षांचे फ्रॅक्चरचे प्रमाण २०.५ टक्क्यांवर जाईल. आयुष्य वाढवणारे औषध अशा अभ्यासात खुबे मोडणारे औषध भासू शकते. म्हणून औषधाचा हाडांवरचा परिणाम जाणायचा असेल तर जिवंत व फ्रॅक्चरमुक्त रुग्णांतला फ्रॅक्चरचा दर, म्हणजे कारणनिहाय हॅझर्ड, पाहावा. मृत्यूला सेन्सॉर करून चालवलेले कॉक्स मॉडेल तोच दर मोजते, आणि तिथे ते योग्य आहे. रुग्णाला शक्यता सांगायची असेल तर संचयी प्रमाण किंवा त्याच प्रमाणावर बेतलेले १९९९ चे फाइन-ग्रे मॉडेल वापरावे. फाइन-ग्रेमध्ये वारलेले रुग्ण गणितापुरते जोखमीच्या गटातच ठेवतात, त्यामुळे त्याच्या गुणोत्तरातून कारण आणि परिणाम वाचायला जाऊ नये.

छापील निबंधात ‘मृत्यूच्या वेळी सेन्सॉर केले’ असे वाक्य दिसले आणि आलेखाखालची जोखमीतल्या रुग्णांची संख्या झपाट्याने घटताना दिसली, तर टक्केवारी फुगलेली असण्याचा संभव मोठा. संपर्क तुटलेले मोजकेच असतील तर एकूण घटनांना सुरुवातीच्या रुग्णसंख्येने भागून पाहावे. तो भागाकार वक्रापेक्षा बराच खाली आला, तर मधले अंतर बहुतांशी मृतांच्या नावावर धरलेल्या घटनांचे आहे.