हाफ रेंज साइन की कोसाइन? आधी टोकं बघा

एक बारीक लोखंडी सळई घ्या, लांबी L. तिचं एक टोक बर्फात आहे, म्हणजे ० अंशावर. दुसरं टोक सोलापुरातल्या मे महिन्याच्या दुपारी उघड्या गच्चीवर आहे, ते ४० अंश धरू. सळईच्या अंगातून उष्णता बाहेर जात नाही असं मानलं, तर बऱ्याच वेळाने तिच्यातलं तापमान सरळ रेषेत चढलेलं असतं:

f(x) = 40x/L,  0 < x < L

आता इथून पुढे दोन गोष्टी करता येतील. एक, दोन्ही टोकं एकदम बर्फात घालायची. दोन, दोन्ही टोकांवर यंत्रमागाच्या कारखान्यातलं सुती वेस्ट घट्ट गुंडाळायचं, म्हणजे टोकांतून उष्णता आत-बाहेर जाणार नाही. सुरुवातीचं f दोन्हीकडे तेच. तरी पहिल्या प्रश्नाला हाफ रेंज साइन लागते आणि दुसऱ्याला कोसाइन.

गोंधळ होतो तो इथेच. फंक्शन फक्त ० ते L दिलंय, त्याच्या डावीकडे काय आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. फुरियर मालिकेला मात्र पूर्ण आवर्तन लागतं, म्हणून −L ते ० हा भाग आपण पदरचा घालतो. कोसाइनसाठी सम विस्तार: घडी घातलेली चादर उलगडावी तसा y-अक्षाच्या डावीकडे उजव्या भागाचा आरसा. साइनसाठी विषम विस्तार: तोच भाग मूळबिंदूभोवती १८० अंश फिरवून डावीकडे. आवर्तन दोन्हीत 2L, L नव्हे. गुणकांचं सूत्र बाकी सारखंच:

b_n = (2/L) ∫₀ᴸ f(x) sin(nπx/L) dx
a_n = (2/L) ∫₀ᴸ f(x) cos(nπx/L) dx

कोसाइनमधलं स्थिर पद a₀/2. आपल्या सळईला लावलं की हे मिळतं:

साइन: (80/π) [ sin(πx/L) − (1/2) sin(2πx/L) + (1/3) sin(3πx/L) − … ]

कोसाइन: 20 − (160/π²) [ cos(πx/L) + (1/9) cos(3πx/L) + (1/25) cos(5πx/L) + … ]

दोन उत्तरं दिसायला अजिबात सारखी नाहीत, आणि दोन्ही बरोबर आहेत. ० आणि L यांच्या मध्ये कुठेही बेरीज करा, दोन्हींतून 40x/L हेच येईल. भांडण आहे ते टोकांवर.

x = L ठेवून बघा. साइनचं प्रत्येक पद शून्य, म्हणून बेरीज शून्य. तिथे f मात्र ४०. कारण विषम विस्तारात L च्या अलीकडे ४० आणि पलीकडे −४० आहे, आणि अशा उडीवर मालिका मधला आकडा देते. पदं वाढवूनही हे सुटत नाही. उडीच्या अगदी आधी आलेख वर उसळतो, उडीच्या साधारण ९ टक्के. उडी ८० ची, म्हणजे आलेख ४७ च्या आसपास जातो. दहा पदांऐवजी हजार घेतली तर ती उसळी L कडे सरकते आणि अरुंद होते, पण बुटकी होत नाही. संगणकावर आलेख काढून टोकाशी असं शिंग दिसलं, तर गुणकांत चूक शोधत बसू नका. विस्तारात उडी आहे का ते आधी बघा.

कोसाइनला हा त्रास नाही. आरशात रेषा जोडलेली राहते, फक्त ० वर आणि L वर कोपरा येतो. म्हणून गुणक 1/n² ने घटतात, साइनमध्ये ते 1/n ने रांगत जातात. कोसाइनची स्थिर धरून चारच पदं घेतली तरी x = L ला ३८.७ च्या जवळ येतं.

मग कोसाइनच चांगली म्हणायची? क्लासमधला एखादा हुशार पोरगा हे विचारतोच: “सर, पेपरात काही सांगितलं नसेल तर कोसाइनच ठोकायची ना?” त्याला मी दुसरं फंक्शन देतो: f(x) = x(L − x). हे दोन्ही टोकांना शून्य आहे. विषम विस्तार केला तर उडी नाही आणि कोपराही नाही, कारण फिरवलेल्या भागाचा उतार ० वर तोच राहतो. सम विस्तारात मात्र ० च्या उजवीकडे उतार L आणि डावीकडे −L, म्हणजे कोपरा. L = 1 घेऊन:

साइन: (8/π³) [ sin πx + (1/27) sin 3πx + (1/125) sin 5πx + … ]

कोसाइन: 1/6 − (1/π²) [ cos 2πx + (1/4) cos 4πx + (1/9) cos 6πx + … ]

मध्यावर खरं मूल्य ०.२५. साइनचं नुसतं पहिलं पद ०.२५८ देतं. कोसाइनची दोन पदं, स्थिर धरून, ०.२६८ देतात; आणि x = 0 ला, जिथे शून्य हवं, तिथे ०.०६५. इथे साइन सरळ जिंकते.

म्हणून प्रश्नाने मोकळीक दिली असेल तर f चं मधलं रूप बघू नका, टोकांची मूल्यं बघा. दोन्ही टोकांना शून्य असेल तर साइन. नसेल तर कोसाइन, कारण अखंड फंक्शनच्या सम विस्तारात उडी कधीच येत नाही. पुढे मालिकेचं पदश: विकलन करायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. सळईच्या साइन मालिकेचं विकलन केलं की 1/n कटतो, पदं लहान होतच नाहीत आणि मालिका अभिसारी राहत नाही. कोसाइनचं केलं तर मधल्या प्रत्येक बिंदूला खरा उतार 40/L मिळतो.

पण सळई प्रत्यक्ष समोर असेल तेव्हा ही मोकळीक नसते. टोकं बर्फात असतील तर नंतरच्या प्रत्येक क्षणी तिथे शून्यच हवं, आणि ते फक्त साइन देते, मग सुरुवातीला शिंग दिसलं तरी चालेल. उष्णतेच्या समीकरणात n वं पद n² च्या वेगाने विरतं, म्हणून वरची वाकडीतिकडी पदं लगेच मरतात आणि शिंगही जातं. टोकं वेस्टमध्ये गुंडाळली असतील तर तिथे उतार शून्य हवा, आणि तो कोसाइनच्या प्रत्येक पदात आहेच. स्थिर पदाचा अर्थही इथे कळतो: बाकी सगळी पदं विरून गेल्यावर सळईभर २० अंश उरतात, म्हणजे सुरुवातीच्या तापमानाची सरासरी. साइनमध्ये स्थिर पद नाही, म्हणून बर्फातली सळई शून्यावर येते.

एक टोक बर्फात आणि दुसरं वेस्टमध्ये असेल तर या दोन्हींपैकी एकही चालत नाही. तिथे f आधी L भोवती आरशासारखं 2L पर्यंत न्यायचं, मग मूळबिंदूभोवती विषम करायचं. आवर्तन 4L होतं आणि फक्त विषम क्रमांकाच्या साइन उरतात:

(320/π²) [ sin(πx/2L) − (1/9) sin(3πx/2L) + (1/25) sin(5πx/2L) − … ]

x = 0 ला प्रत्येक पद शून्य, x = L ला प्रत्येक पदाचा उतार शून्य, आणि साइन असूनही गुणक 1/n² सारखे घटतात, कारण या विस्तारात कुठेच उडी उरलेली नाही.