झाकण उघडण्याआधी हे वाचा: डिजिटल घड्याळाचा सेल आणि रबरी रिंग

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या डिजिटल घड्याळांत कॅसिओ एफ-९१डब्ल्यू सर्वात जास्त. १९८९ साली आलेलं हे मॉडेल अजून विकलं जातं. वजन जेमतेम २१ ग्रॅम, आत फिरणारं एकही चाक नाही, त्यामुळे झिजायला फारसं काही नाहीच. वापरून बिघडलेलं घड्याळ आम्हाला क्वचित दिसतं. सेल बदलताना बिघडलेली मात्र बरीच येतात.

सीआर२०१६ हा एक सेल साधारण ७ वर्षं पुरतो. पण कंपनीच्या या हिशोबात रोज २० सेकंद अलार्म आणि एकदाच सेकंदभर दिवा धरलेला आहे. वेळ दाखवायला वीज नगण्य लागते, दिव्याला त्याच्या हजारपटीच्या आसपास. रात्री पाणी प्यायला उठल्यावर वेळ बघायला दिवा जरूर लावा, पण मुलाच्या हातात खेळायला दिलंत तर सात वर्षं विसरा. सेल उतरत आला की दिवा लावताच आकडे फिकट होतात किंवा अलार्मचा आवाज बसतो. वेळ तेव्हाही बरोबरच असते, म्हणून हे लक्षात येत नाही.

मध्यंतरी एक घड्याळ आलं. सेल घरीच बदललेला, वेळ ठीक, स्टॉपवॉच ठीक, अलार्म मात्र मुका. आवाजाची चकती मागच्या झाकणाला चिकटवलेली असते आणि तिच्यापर्यंत वीज एका बारीक स्प्रिंगमधून जाते. झाकण काढताना ती स्प्रिंग उडाली होती. तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू, सतरंजीवर पडली की संपलंच! त्याच घड्याळाची रबरी रिंगही खाचेतून निसटून झाकणाखाली चेपली होती. उन्हातून आल्यावर हात गार पाण्याखाली धरला की काचेच्या आतून वाफ धरायची. एकदम गार झाल्यावर धरलेली वाफ थोड्या वेळात आपोआप गेली तर काळजी नाही, पण ती टिकून राहिली तर ओल आत शिरली आहे असं समजा आणि घड्याळ लगेच उघडून वाळवून घ्या, नाहीतर संपर्कपट्ट्या गंजतात.

घरी सेल बदलायचाच असेल तर चारही स्क्रू ताटलीत ठेवा. झाकण सरळ वर उचला आणि स्प्रिंग जागेवर आहे ना ते बघा. सेल बसवल्यावर आकडे वेडेवाकडे आले तर घाबरू नका. ‘एसी’ लिहिलेली जागा आणि सेलची वरची बाजू धातूच्या चिमट्याने दोन सेकंद जोडा, घड्याळ नव्याने सुरू होतं. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या, व्हॅसलीन नको. स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करा.

हात धुताना, पावसात घड्याळ काढायची गरज नाही. पोहताना मात्र काढा, आणि ओल्या घड्याळाची बटणं दाबू नका, कारण पाणी तिथूनही शिरतं.

वेळ महिन्याला ३० सेकंदांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. हा बिघाड नाही, तेवढ्यासाठी घड्याळ आमच्याकडे आणू नका. खालचं डावं बटण तीनदा दाबून सेकंद लुकलुकू लागले की उजवं दाबा, सेकंद शून्यावर येतात.