आवरलेलं घर आणि लावलेलं घर, दिसायला सारखंच पण एक नाही

स्लाइड १: फरक काय

पाहुणे यायच्या आधी अर्ध्या तासात आपण जे करतो ते आवरणं. ओट्यावरचं सगळं कपाटात कोंबलं, खुर्चीवरचे कपडे उचलून दिवाणात टाकले, दार बंद. लावणं म्हणजे प्रत्येक वस्तू कुठे राहणार ते ठरवणं, आणि जागा अशी की वापरून झाल्यावर ती एका हाताने परत जाईल. ओळखायची सोपी खूण, ज्याने आवरलं नाही अशा घरातल्या माणसाला सांगा, कात्री आण. गुपचूप घेऊन आला तर घर लावलेलं आहे, "अगं कुठे ठेवलीस?" अशी हाक आली तर नुसतं आवरलेलं.

स्लाइड २: माझ्या ओट्याखालचं कपाट

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला आमचा वनबीएचके आहे, आणि किचनमध्ये ओट्याखाली एक खोल कपाट, ट्रॉली नाही नुसतं दार. मी ते दर रविवारी आवरायचे, डबे पुसून उंचीप्रमाणे रांगेत, आणि बुधवारपर्यंत पुन्हा डाळीची पाकिटं ओट्यावर. मला वाटायचं आपल्यालाच शिस्त नाही. मग एकदा चतुर्थीला साबुदाणा शोधताना सगळं बाहेर काढलं तर मागच्या रांगेत साबुदाण्याचीच तीन फोडलेली पाकिटं निघाली, म्हणजे मागचं दिसत नव्हतं म्हणून मी दर वेळी नवीन आणत होते. मागचा डबा काढायला आधी पुढचे चार डबे बाहेर काढावे लागायचे आणि परत ठेवतानाही तेच. घाईत एवढं कोण करतं, वस्तू ओट्यावरच राहते.

स्लाइड ३: मग लावलं कसं

खोल कपाटात उभे लांबट प्लास्टिकचे ट्रे ठेवायचे, ड्रॉवरसारखे ओढता येतील असे. पण आधी टेप घेऊन मापं घ्या, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आतली रुंदी मोजून ट्रे आणतात आणि मग तो बाहेरच येत नाही, कारण दाराची बिजागरी आणि चौकट थोडी जागा खातात. माझ्या कपाटाची आतली रुंदी १७ इंच, पण दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा मिळते फक्त १५ इंच. म्हणून ७ इंची दोन ट्रे. खोली २१ इंच होती, ट्रे घेतले १८ इंच लांब, मागे हवा खेळायला जागा राहिली. भद्रकालीच्या बाजारात दोन्ही मिळून दीडशे रुपयांत झालं.

एका ट्रेत रोजच्या डाळी, दुसऱ्यात उपवासाचं आणि पोहे-रवा. पिठाचा मोठा डबा ट्रेत नाही ठेवला, वजनाने ट्रे वाकतो आणि ओढला की पुढची कड तुटते, तो खाली फरशीवर. आणि हे सगळं सिंकखालच्या कपाटात अजिबात करू नका, तिथे ओल असते, तिथे फक्त साबण-घासण्या.

स्लाइड ४: काय फसतं

पुठ्ठ्याचे खोके फुकट मिळतात म्हणून मी आधी तेच वापरले होते. कपड्यांच्या कपाटात मोजे-रुमालांना छान चालतात, पण किचनमध्ये पावसाळ्यात ते ओल धरतात, वास येतो आणि झुरळांना तर हक्काचं घर. तिथे आइस्क्रीमचे रिकामे डबे बरे.

चिकटवायचे हुक रंगवलेल्या भिंतीवर लावले तर पापुद्र्यासकट खाली येतात. टाइल्सवर लावा, आधी तेलकटपणा पुसून टाइल कोरडी करा आणि लावल्यावर एक दिवस काही अडकवू नका.

अजून एक, आधी डबे आणू नका. आधी वस्तू कमी करा, मग उरलेल्याला डबे बघा. नाहीतर डब्यांचाच पसारा होतो, हे मी खूप घरांत बघितलंय.

स्लाइड ५: मग आवरायचं नाहीच का

आवरायचं की. लावलेलं घरही रोज दहा मिनिटं आवरावं लागतं, फक्त तेव्हा विचार करावा लागत नाही, हात आपोआप जागेवर जातो. आवरूनही तीच वस्तू तीन दिवस सारखी ओट्यावर येत असेल तर घरच्यांवर ओरडू नका, तिची जागा चुकलीय. आमच्याकडे चहा-साखरेचे डबे तसेच यायचे, शेवटी गॅसच्या उजव्या हातालाच त्यांची जागा केली.

स्लाइड ६: चेकलिस्ट, सेव्ह करून ठेवा

☐ एकच कपाट निवडलं, अख्खं घर नाही
☐ सगळं बाहेर काढलं, एकाच वस्तूची दोन-तीन पाकिटं असतील ती एका डब्यात केली
☐ दार उघडून मोकळी रुंदी मोजली, खोली आणि उंचीपण
☐ मापं मोबाइलमध्ये लिहून मगच बाजारात गेले
☐ रोजचं कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जड खाली, दिवाळीची भांडी आणि कुरडया करायचा सोऱ्या माळ्यावर
☐ डब्यांवर नाव लिहिलं, मागच्या बाजूला नाही, समोर
☐ तीन दिवसांनी ओट्यावर काय परत आलं ते बघितलं
☐ कात्री आणायला सांगून बघितलं