पोरं टिकत नाहीत म्हणजे नक्की किती?

बडोद्यात दांडिया बाजारात माझी काकू डबे देते, गिऱ्हाईकं जास्त करून सयाजीराव युनिव्हर्सिटीत शिकणारी बाहेरगावची पोरं, आणि २०२५च्या सप्टेंबरात तिचं एकच पालुपद चालू होतं, "आजकाल पोरं टिकत नाहीत रे, स्वयंपाकीण बदलू का?" आता याचं उत्तर देणार कसं? टिकणं म्हणजे काय, कुठली पोरं, आणि आजकाल म्हणजे कधीपासून, तिन्ही गोष्टी हवेतच आहेत.

आधी टिकणं घेऊ. तिच्याकडे महिन्याचं कार्ड असतं, ३० डब्यांचं, आणि आधी सांगून खाडा केला की तो डबा पुढे सरकतो, त्यामुळे कुणाचं कार्ड ३० दिवसांत संपतं तर कुणाचं ३८. म्हणून आम्ही ठरवलं की पहिल्या डब्यापासून ४५ दिवसांच्या आत दुसऱ्या कार्डाचे पैसे भरले तर तो टिकला, नाहीतर नाही. खाडे करणारी बरीचशी पोरंही त्यात बसतात, आणि पैसे भरल्याची तारीख चोपडीत असतेच, कुणाच्या आठवणीवर जायला नको.

मग कुठली पोरं? फक्त पहिल्यांदा डबा लावणारी. गेल्या वर्षीची पोरं सुट्टीनंतर परत येतात ती यात घ्यायची नाहीत, ती आधीच टिकलेली आहेत, त्यांना धरलं की आकडा उगाच छान दिसतो. काही जण सुरुवातीलाच सांगतात की एकच महिना हवाय, त्यांनाही वगळलं, पण फक्त ज्यांच्या नावापुढे पहिल्या दिवशीच तसं लिहिलेलं होतं त्यांनाच. काकू म्हणाली, "अगं बाई, तो नाशिकचा पण जाणारच होता, त्याला पण काढ." नाही काढला! गेल्यावर कळलेल्या कारणाने वगळायला लागलो तर सोडून गेलेल्या प्रत्येकाला काही ना काही कारण सापडतं आणि शेवटी सगळेच टिकलेले उरतात.

खरी गंमत तिसऱ्या गोष्टीत होती. काकूने स्वतः केलेला हिसाब असा की जुलैपासून नवीन आले ५२ आणि दुसरं कार्ड घेतलं २१ जणांनी, म्हणजे ४० टक्के, आणि गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टचा तोच आकडा ७०च्या पुढे. ऐकून कुणीही घाबरेल. पण आम्ही मोजत होतो १० सप्टेंबरला, आणि जो पोरगा २० ऑगस्टला आला त्याचं पहिलंच कार्ड अजून चालू आहे, त्याने दुसरं घेतलं नाही म्हणून तो गेला असं कसं म्हणणार? गेल्या वर्षीच्या सगळ्यांना मात्र ४५ दिवस कधीच मिळून गेलेत. म्हणून १० सप्टेंबरपासून ४५ दिवस मागे गेलो, २७ जुलै आला, आणि १ ते २७ जुलैला सुरू केलेलेच धरले. ते निघाले ३०, त्यातले टिकले २१, म्हणजे ७० टक्के. २०२४च्या त्याच तारखांचे २५, त्यातले टिकले १८, म्हणजे ७२. बाकीचे २२ जण गेले नव्हते, त्यांची वेळच झाली नव्हती.

आणि हे ७० पण जरा अडचणीतलंच आहे, कारण २०२५मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२४मध्ये ७ सप्टेंबरला. म्हणजे या वर्षी पोरं गणपतीला घरी गेली ती आमच्या ४५ दिवसांतच, खाडे वाढले, कार्डं लांबली, आणि एखादा टिकणारा पोरगाही ४५च्या बाहेर गेला असेल. तारीख तीच ठेवली म्हणून दिवस सारखे होत नाहीत, आपले सण सरकतात ना.

७२ आणि ७० मधला फरक तर सोडूनच द्या, ३० जणांत एक पोरगा इकडचा तिकडे झाला की तीन टक्के हलतात. म्हणूनच चोपडी उघडायच्या आधीच काकूकडून कबूल करून घेतलं होतं की ५५च्या खाली गेलं तरच स्वयंपाकिणीचा विषय काढायचा. आकडा बघून मग रेघ मारली असती तर ती कुठेही मारता आली असती. अर्थात ५८ आलं असतं तर स्वयंपाकीण निर्दोष असं सिद्ध झालं नसतं, इतक्या कमी पोरांवरून फक्त मोठी घसरणच दिसते, छोटी नाही.

काकूला काही हे पटेना. "मग रोज डबे उरतात ते कुठून?" हे मात्र तिने आधी सांगितलंच नव्हतं! उरणारे डबे म्हणजे गेलेली पोरं नाहीत, ती उशिरा सांगितलेल्या खाड्यांची भानगड असू शकते, भाजी चढल्यावर फोन येतो तेव्हा. मग नवा प्रश्न लिहिला: येत्या चार आठवड्यांत, रविवार सोडून, चालू कार्डवाल्या दर १०० डब्यांमागे सकाळी ९ नंतर सांगितलेले खाडे किती? चोपडीत खाड्याची वेळ कुणी लिहीतच नव्हतं, त्यामुळे आता फोनशेजारी एक वेगळी वही ठेवलीये.